'मोरेना'ला चौकट नाही

प्रश्न: सर, ब्राझीलमध्ये लोक स्वतःचा रंग सांगायला म्हणे शंभरावर शब्द वापरतात आणि सरकारी फॉर्मवर मात्र पाचच चौकटी आहेत. मग तिथल्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा का? आपल्याकडे स्थळ बघताना 'गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार आहे का? एम.ए.च्या प्रकल्पासाठी हवं आहे. (धुळे)

उत्तर:

ताई, ती शंभर शब्दांची यादी आधी बाजूला ठेवा. ती वाचायला गमतीची आहे, म्हणून सगळे तिथेच रमतात आणि खरी गोष्ट निसटते. मीही सुरुवातीला रमलो होतो.

यादीची हकीकत अशी. ब्राझीलच्या भूगोल व सांख्यिकी संस्थेने १९७६ साली आपल्या मोठ्या कुटुंब पाहणीत रंगाचा प्रश्न दोन वेळा विचारला. एकदा मोकळा: तुमचा रंग कोणता? माणूस जे म्हणेल ते लिहून घ्यायचं. आणि एकदा चौकटींचा: यातला कोणता? मोकळ्या प्रश्नाला १३६ वेगवेगळी उत्तरं आली. त्यात दालचिनीचा रंग होता, दुधातल्या कॉफीचा होता, गव्हाचा, तांब्याचा, चॉकलेटचा होता. कुणी 'समुद्रकिनारी भाजलेला' म्हणालं, कुणी 'पांढऱ्याकडे झुकणारा', कुणी नुसतंच 'बेताचा'. एक उत्तर होतं 'पळत्या गाढवाचा रंग'. पोर्तुगीजमध्ये हा जुना वाक्प्रचार आहे, ज्या रंगाला नाव देता येत नाही त्याच्यासाठी. उत्तर देणाऱ्याने बहुधा पाहणीवाल्याची टिंगल केली आणि ती टिंगल सरकारी तक्त्यात कायमची बसली.

यादीत 'मोरेना-जांबो' असाही एक रंग आहे. जांबो हे तिथलं गडद लाल सालीचं फळ, आपल्या जांभळाच्या कुळातलं. त्याचं नावही इथलंच, संस्कृत 'जंबू'वरून पोर्तुगीजांनी उचलून नेलेलं. ब्राझीलची एखादी बाई स्वतःला 'जांबो' म्हणते तेव्हा शब्द आपल्याच झाडाचा असतो.

आता याच उत्तरांकडे वारंवारितेने बघा. १३६ शब्द आले खरे, पण पाच-सात शब्दांतच बहुतेक सगळी माणसं बसली. १९९८ मध्ये सहा महानगरांत हाच मोकळा प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा शब्द १४३ झाले, पण त्यातले निम्म्याहून जास्त शब्द असे होते की अख्ख्या नमुन्यात ते एकाच माणसाने उच्चारले होते. म्हणजे 'ब्राझीलचे लोक शंभर रंग मानतात' हे वाक्य चुकीचं आहे. लोक रोजच्या बोलण्यात मूठभर शब्द वापरतात आणि त्यांना हवी तशी शेपटं लावतात: जरा उजळ, जरा गडद, भाजलेला, छोटासा. आपल्याकडेही 'गोरा'ला गोरापान, गोरटेला, निमगोरा, लख्ख गोरा अशी रूपं आहेत. ती सगळी वेगळी मोजली तर आपली यादीही लांबेल.

खरी अडचण शब्दांच्या संख्येत नाही. ती दोन शब्दांत आहे. फॉर्मवरच्या पाच चौकटी अशा: ब्रांका म्हणजे गोरा, प्रेता म्हणजे काळा, अमारेला म्हणजे पिवळा, पार्दा म्हणजे करडा-तपकिरी, आणि इंदिजेना म्हणजे मूळनिवासी. (पोर्तुगीजमध्ये 'रंग' स्त्रीलिंगी, म्हणून चौकटीतली नावंही स्त्रीलिंगी. पुरुष स्वतःला ब्रांको, मोरेनो म्हणतो.) लोकांच्या तोंडात मात्र गोऱ्यानंतर सगळ्यात जास्त येणारा शब्द 'मोरेना' आहे. १९९८ च्या पाहणीत आणि पुढे २००८ मध्ये निवडक राज्यांत केलेल्या पाहणीतही मोकळ्या प्रश्नाला साधारण पाचात एक माणूस 'मोरेना' म्हणाला. त्या शब्दाला फॉर्मवर चौकट नाही. उलट 'पार्दा'ला चौकट आहे, पण आपणहून तो शब्द म्हणणारे मोरेना म्हणणाऱ्यांपेक्षा बरेच कमी. तिथे लोक चेष्टेने म्हणतात की पार्दा तर कागद असतो. पुडी बांधायच्या तपकिरी कागदाला ते 'पार्दो कागद' म्हणतात, म्हणून.

हे समजायला मला ब्राझीलला जावं लागलं नाही. पंचवीस वर्षं मी घरोघरच्या पाहण्यांवर काम केलं, यावल-रावेरच्या केळीपट्ट्यापासून धडगाव-अक्कलकुव्यापर्यंत. एका पाहणीत घराच्या प्रकाराला तीन चौकटी होत्या: कच्चे, अर्धपक्के, पक्के. आता खान्देशात माणसाला विचारा, घर कसलं आहे, तो म्हणेल 'धाब्याचं'. लाकडी सरे, त्यावर मातीचं सपाट धाबं, उन्हाळ्यात गार. भिंती कधी मातीच्या, कधी पक्क्या विटांच्या. या घराला चौकटच नव्हती. आमचा एक मुलगा सगळी धाब्याची घरं 'कच्चे'मध्ये टाकायचा, कारण वर माती. दुसरा भिंत बघून 'अर्धपक्के' लिहायचा. घरमालक हजर असला आणि जरा मानी असला तर 'पक्के'. पुढच्या फेरीत मुलं बदलली आणि तालुक्यातली कच्ची घरं एकदम कमी झालेली दिसली. वरून विचारणा आली, सुधारणा कशामुळे झाली? काहीच झालं नव्हतं. एक मोठा, सगळ्यांच्या तोंडचा शब्द चौकटींच्या मधल्या फटीत पडला होता आणि प्रत्येक जण त्याला आपल्या मनाने उचलून ठेवत होता.

'मोरेना' हे ब्राझीलचं धाब्याचं घर आहे.

या शब्दाची ताकद त्याच्या संदिग्धपणात आहे. काळ्या केसांची गोरी बाई मोरेना. उन्हात रापलेली मोरेना. गव्हाळ ती मोरेना. आणि अगदी काळ्या माणसालाही तोंडावर 'काळा' कसं म्हणायचं म्हणून मोरेनोच म्हणतात, वर 'छोटासा' असा लाडाचा प्रत्यय लावून. हे आपल्याला नवीन नाही. अहिराणीत काळ्याला 'काया' म्हणतात, पण सोयरिकीच्या बोलण्यात हा शब्द कुणी काढत नाही. तिथे 'पोर सावयी शे, पन नाकेडोये बेस शे' असंच येतं. सावळी हा शब्द रंगापेक्षा बोलणाऱ्याची अदब जास्त सांगतो. मोरेनाचंही तेच. म्हणून तो शब्द ऐकून माणसाचा रंग कळत नाही. कळतं एवढंच की त्याला रंगाच्या दोन टोकांपैकी कुठल्याच टोकाला उभं राहायचं नाही.

मग हेच मोरेना म्हणणारे चौकटींसमोर काय करतात? बहुतेक जण पार्दावर बोट ठेवतात. पण सगळे नाही. बराच हिस्सा ब्रांकाकडे जातो, थोडा प्रेताकडे. मार्विन हॅरिस या मानवशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर बाईया राज्यातल्या एका गावात एक साधा प्रयोग केला आणि १९९३ मध्ये त्यावर लेख लिहिला. काही लोकांना नेहमीच्या चौकटी दिल्या आणि काहींना 'पार्दा'च्या जागी 'मोरेना' लिहिलेल्या. मोरेना मिळताच स्वतःला गोरा म्हणवणाऱ्यांचं प्रमाण घसरलं. माणसं तीच, गाव तेच, एक शब्द बदलला. यावर पुढे बराच वाद झाला, कारण विरोधकांचं म्हणणं असं की मोरेना चौकट ठेवली तर सगळेच तिच्यात शिरतील आणि मग गोऱ्या-काळ्यांतला शिक्षणाचा, पगाराचा फरक मोजायलाच काही उरणार नाही. मला हा आक्षेप बराचसा पटतो. पण प्रयोगाने दाखवलेली गोष्ट त्यामुळे खोटी ठरत नाही. चौकटीतल्या 'गोऱ्यां'मध्ये असे लोक असतात, ज्यांना पार्दा हा शब्द नको असतो म्हणून ते गोरे झालेले असतात.

आता पार्दा हा शब्द फॉर्मवर आला तरी कुठून, ते बघा. १८७२ च्या पहिल्या जनगणनेत तो होता. पुढच्या १८९० च्या जनगणनेत त्याच्या जागी 'मिश्र' अशा अर्थाचा शब्द आला. १९०० आणि १९२० ला रंगाचा प्रश्नच विचारला नाही. १९४० मध्ये तीनच उत्तरं होती, गोरा, काळा, पिवळा, आणि जो यात बसत नाही त्याच्यापुढे गणकाने आडवी रेघ मारायची असा नियम होता. निकाल छापताना या रेघांची बेरीज 'पार्दा' नावाखाली आली. मला हा तपशील फार बोलका वाटतो. त्या वर्षी फॉर्मवर पार्दा हे उत्तरच नव्हतं. ते नाव कार्यालयात बसून रेघांना दिलेलं होतं. १९५० पासून ती अधिकृत चौकट झाली. १९७० ला प्रश्न पुन्हा गाळला, १९८० ला परत आला. इंदिजेना ही पाचवी चौकट १९९१ ला आली.

अशा चौकटीत काळाबरोबर ये-जा होते. लोकसंख्याशास्त्रज्ञांनी १९५० आणि १९८० च्या आकड्यांची जुळणी करून पाहिली. जन्म, मृत्यू धरून १९५० चे 'प्रेता' लोक १९८० ला जेवढे उरायला हवे होते त्याहून खूपच कमी सापडले, आणि 'पार्दा' तेवढेच जास्त. हिशेब असा निघाला की १९५० ला काळे नोंदलेल्यांपैकी साधारण ३८ टक्के तीस वर्षांनी पार्दा झाले होते. त्यांची कातडी तीच होती. शहरात आले, चार पैसे मिळाले, शब्द बदलला. अलीकडे वारं उलट दिशेने आहे. १९९१ च्या जनगणनेआधी चळवळीतल्या लोकांनी 'आपला रंग कोरा जाऊ देऊ नका' अशी मोहीम काढली होती. पोर्तुगीजमध्ये 'कोरा' आणि 'गोरा' यांना एकच शब्द आहे, ब्रांको, त्यामुळे त्या घोषणेचे दोन अर्थ व्हायचे. आणि २०२२ च्या जनगणनेत पार्दा ४५.३ टक्के, ब्रांका ४३.५ टक्के आणि प्रेता १०.२ टक्के नोंदले गेले. १९९१ पासून पाच चौकटी आहेत, त्यात पार्दा पहिल्यांदाच सगळ्यात मोठी ठरली. यातलं किती जन्मांमुळे आणि किती शब्द बदलल्यामुळे, हे नुसत्या टक्क्यांवरून सांगता येत नाही. जुळणी करावीच लागते.

तुम्ही विचारलंत, विश्वास ठेवायचा का? त्याला मी एक पूर्ण उदाहरण देतो, कारण चूक ओळखायची कशी हे त्यातून छान दिसतं. चौकट आहे अमारेला, पिवळा. कार्यालयाच्या मनात तिचा अर्थ एकच: ज्यांचे पूर्वज जपान, चीन, कोरियातून आले ते. २००० च्या जनगणनेत असे सुमारे ७.६ लाख लोक होते. २०१० ला ते सुमारे २०.८ लाख झाले. दहा वर्षांत जवळजवळ पावणेतीन पट.

असा आकडा समोर आला की मी पहिल्यांदा विचारतो, माणसं कुठून आली असतील? जन्म एवढे होऊ शकत नाहीत. जपानी वंशाच्या कुटुंबांत मुलं कमीच असतात. बाहेरून लाखोंनी लोक आले असते तर बंदरावर, विमानतळावर, व्हिसाच्या नोंदीत ते दिसले असते. मग नकाशा उघडायचा. जपानी वंशाचे ब्राझिलियन मुख्यतः साओ पावलो आणि पाराना या दक्षिणेकडच्या राज्यांत आहेत. २०१० चे नवे 'पिवळे' मात्र ईशान्येकडच्या पियाउईसारख्या राज्यांतही भरपूर निघाले, जिथे जपानी वस्ती जवळजवळ नाही. इथेच उत्तर मिळतं. त्या भागात 'अमारेला' हा रोजच्या बोलण्यातला रंग आहे: फिकट, पिवळसर कांतीचा माणूस. १९७६ च्या यादीतही 'पिवळसर', 'भाजका पिवळा', 'अर्धा पिवळा' अशी उत्तरं आहेतच. पार्दा आवडत नाही, मोरेना चौकटीत नाही, आणि गणक 'अमारेला' वाचून दाखवतो तेव्हा माणूस म्हणतो, हां, हाच माझा. आपल्याकडे कुणी 'पोरगं पिवळं पडलंय' म्हटलं तर आपण त्याला कावीळ झाली समजतो, चिनी समजत नाही. तसंच हे.

२०२२ ला कार्यालयाने यावर एक छोटा उपाय केला. गणकाने अमारेला नोंदवलं की यंत्रावर खुलासा यायचा: या चौकटीत जपानी, चिनी, कोरियन मूळ असलेली व्यक्ती धरतात, उत्तर कायम ठेवायचं का? निकाल आला साडेआठ लाखांच्या आसपास, २०१० पेक्षा निम्म्याहूनही खाली. २००० च्या आकड्याशी मात्र तो छान जुळतो. म्हणजे मधला फुगवटा माणसांचा नव्हता, शब्दाचा होता. पाहणीच्या धंद्यात असा स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो. आमच्या धाब्याच्या घरांना असं भाग्य लाभलं नाही.

इंदिजेनाच्या बाबतीत उलट घडतं, तिथे माणसं गळतात. 'तुमचा रंग किंवा वंश?' असं विचारलं की अनेक मूळनिवासी आपल्या कातडीकडे बघून पार्दा म्हणतात, कारण प्रश्नात पहिला शब्द रंग आहे. म्हणून त्यांच्या वस्त्यांमध्ये, दुसरं काही उत्तर दिलेल्यांना पुढे आणखी एक प्रश्न विचारतात: तुम्ही स्वतःला मूळनिवासी मानता का? २०२२ ला रंगाच्या प्रश्नातून सुमारे १२.३ लाख मूळनिवासी मिळाले आणि या जास्तीच्या प्रश्नाने ती संख्या सुमारे १६.९ लाखांवर गेली. धडगावकडच्या पावरा माणसाला 'वर्ण?' विचारलं तर तो सावळा म्हणेल. तो पावरा आहे हे कळायला वेगळं विचारावं लागेल. यात त्याने काही लपवलेलं नसतं. आपणच वेगळं विचारलेलं असतं.

आणखी एक बाब, जी पुस्तकांत घाईने उरकतात. जनगणनेत उत्तर बहुतेक वेळा घरातलं एकच माणूस सगळ्यांचं देतं. समजा साल्वादोरमधलं एक घर आहे. दारात आई आहे. ती स्वतःबद्दल विचार करते, मी मोरेना, पण गणकाने वाचलेल्या पाचात ते नाही, मग पार्दा. नवरा तिच्याहून गडद, पण त्याला प्रेता म्हणणं तिला बरं वाटत नाही. तोही पार्दा. थोरला मुलगा विद्यापीठात आहे, चळवळीत आहे, स्वतःला अभिमानाने 'नेग्रो' म्हणवतो. फॉर्मवर नेग्रो ही चौकट नाही. आई त्यालाही पार्दा सांगते. धाकटीचे केस सरळ, रंग उजळ, ती ब्रांका. संध्याकाळी थोरला घरी असता तर त्याने स्वतःला आणि बापाला प्रेता लिहवलं असतं. तेच घर, आणि सकाळ-संध्याकाळच्या फरकाने दोन प्रेता कमी किंवा जास्त. शेकडो घरांत या चुका एकमेकींना खोडत असत्या तर चाललं असतं. पण आया बहुधा एकाच दिशेने सांगतात, उजळ बाजूला, आणि मग बेरीज कलते. मी हे घर कल्पनेतलं घेतलंय, पण जुनी मुलाखत-पत्रकं चाळताना असा कल आपल्याकडे वयाच्या बाबतीत कायम दिसतो. लग्नाच्या मुलीचं वय सांगणारी आई कधी वर चुकत नाही.

'नेग्रो' हा शब्द आला आहे तर त्याच्याबद्दलही थोडं. तो राजकारणाचा आणि कायद्याचा शब्द आहे. २०१० च्या वंशसमानतेच्या कायद्यात 'नेग्रो लोकसंख्या' म्हणजे प्रेता आणि पार्दा म्हणवणाऱ्यांची बेरीज, असं धरलं आहे, आणि २०१२ च्या कायद्याने केंद्रीय विद्यापीठांत राखीव जागा आल्या. आता पार्दा ही चौकट नुसती मोजणीची राहिली नाही, तिच्यातून जागा मिळते. मग स्वतःच्या शब्दावर भागत नाही, तपासणारी समिती बसते. ब्राझीलिया विद्यापीठात २००७ मध्ये अर्जासोबतच्या फोटोंवरून निर्णय होत असे. तेव्हा एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या भावांपैकी एकाला नेग्रो मानलं आणि दुसऱ्याला नाकारलं. प्रकरण गाजलं, निर्णय बदलला आणि फोटोची पद्धत गेली. आज अनेक ठिकाणी समिती उमेदवाराला समोर बसवून दिसण्यावरून ठरवते, आजी-पणजीच्या रंगाचा पुरावा धरत नाही. आपल्याकडे जातपडताळणीत नेमकं उलट असतं. चेहरा कुणी बघत नाही, पणजोबाचा शाळेचा दाखला बघतात.

इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं. आपले गोरा, गव्हाळ, सावळा हे शब्द तिथल्या लोकांच्या शब्दांसारखे आहेत, पण तिथल्या चौकटींसारखे नाहीत. सारखेपणा वापरात आहे: कोण कुणाबद्दल, कुणासमोर बोलतंय त्यावर शब्द ठरतो. स्थळाच्या परिचयपत्रात मुलगी गव्हाळ असते, भांडणात तीच काळी होते, आणि बेपत्ता झाली तर पोलिसांच्या वर्णनात 'रंग सावळा'. पण आपल्या जनगणनेत रंगाचा रकाना नाही आणि रंगावर कुठली सवलत नाही. आपल्या फॉर्मवर जी चौकट माणसाचं आयुष्य हलवते ती जातीची. एकाच घरात एक भाऊ गोरा आणि दुसरा काळा असू शकतो, पण दोघांची जात एकच असते. ब्राझीलमध्ये मात्र सख्खे भाऊ दोन वेगळ्या चौकटींत कायदेशीरपणे बसू शकतात. त्यामुळे प्रकल्पात 'गव्हाळ म्हणजे आपला पार्दा' असं काही लिहू नका. परीक्षक पहिल्याच पानावर पकडेल. तुलना करायचीच तर गव्हाळ आणि मोरेना यांची करा, शब्दाची शब्दाशी.

प्रकल्पात स्वतः पाहणी करणार असाल तर मोकळा प्रश्न आधी विचारा, चौकटी नंतर. उलट केलंत की चौकटीतले शब्द माणसाच्या तोंडात आधीच जाऊन बसतात आणि मोकळ्या प्रश्नाला तेच परत येतात. उत्तर जसंच्या तसं लिहा. 'काया' म्हणाला तर 'काया'च, त्याचं 'काळा' करू नका, 'जरा सावळाच म्हणा' यातलं 'जरा' आणि 'म्हणा'ही गाळू नका. विचारताना 'गोरा का सावळा?' असं सुचवू नका. उत्तर कुणी दिलं, स्वतः की आईने की सासूने, याचा वेगळा रकाना ठेवा. आणि प्रश्न विचारणारा कसा दिसतो तेही पत्रकाच्या कोपऱ्यात टिपून ठेवा. उजळ मुलीने विचारलं तर येणारं उत्तर आणि सावळ्या मुलाने विचारलं तर येणारं उत्तर सारखं असेलच असं नाही.

मग तक्ता करा. डावीकडे लोकांचे शब्द, वर चौकटी. एकेका शब्दाच्या ओळीत बघायचं, ती माणसं चौकटींत कशी पांगली. 'ब्रांका' म्हणणारे जवळजवळ सगळे ब्रांकातच गेले तर त्या शब्दाची काळजी नको. जो शब्द मोठा आहे आणि तीन चौकटींत पांगलाय, तिथे थांबायचं. एकदाच आलेले शब्द शेवटी एका ओळीत गोळा करा, पण मूळ पत्रकं टाकू नका. नंतर उभं बघा: एका चौकटीत कोणकोणते शब्द येऊन पडले. आडव्या टक्क्यांचा आणि उभ्या टक्क्यांचा अर्थ वेगळा असतो. मोरेनांपैकी किती पार्दा झाले, हा एक प्रश्न आणि पार्दांपैकी किती जण स्वतःला मोरेना म्हणत होते, हा दुसरा. विद्यार्थी हमखास इथे गल्लत करतात, आणि खरं सांगायचं तर छापील अहवालांतही मी ती पाहिली आहे.

पळत्या गाढवाच्या रंगालाही एक ओळ द्या. मात्र त्याला 'इतर'मध्ये टाका, 'उत्तर दिले नाही'मध्ये नको. त्या माणसाने उत्तर दिलेलं आहे.